पंखाचं शेवटचं पीस कुणाचं?

(क्लबच्या वार्षिक स्पर्धेआधीच्या सभेत अध्यक्षांनी केलेलं भाषण)

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात पहिला आलेला फोटो आपण स्पर्धेतून मागे घेतला. त्यानंतर चहाच्या टेबलावर काय काय बोललं गेलं ते माझ्या कानावर आलंय. कुणी म्हणालं, फार कडक झालात. कुणी म्हणालं, एआयनं बनवलेलं चित्रही फोटोच माना, जग पुढे गेलंय. ज्यांचा तो फोटो होता त्यांनीच मला सांगितलं, की माझं नाव न घेता ही गोष्ट सगळ्यांसमोर नीट मांडा. म्हणून आज व्याख्यान बाजूला ठेवून मी त्या एका फोटोबद्दलच बोलणार आहे.

फोटो भिगवणचा. फेब्रुवारीतली सकाळ, कुंभारगावहून होडी, उजनीचं पाणी आणि उडायला निघालेले पाच फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी. पाण्यावर धावत धावत ते हवेत उठतात तो क्षण. ६०० मिलिमीटरची लेन्स, शटर सेकंदाचा दोन हजारावा भाग, आयएसओ ३२००. फोटो सुंदर होता, यात मला आजही शंका नाही. परीक्षकांनी तो निवडला आणि निसर्ग विभागाच्या नियमाप्रमाणे मूळ रॉ फाइल मागवली.

रॉ फाइलमध्ये उजवीकडच्या शेवटच्या पक्ष्याचा पंख फ्रेमच्या कडेला कापला गेला होता. स्पर्धेला आलेल्या फोटोत तोच पंख पूर्ण होता, आणि त्याच्या पलीकडे बोटभर पाणीही होतं. फोटो काढणाऱ्या सदस्यांनी काही लपवलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम थोडी वाढवली, बाकीचं त्यानंच भरलं. पंख तर तिथं होताच ना! मी खोटा पक्षी थोडाच आणलाय?"

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि अवघडही. पंख खरोखरच तिथं होता. मग चुकलं काय?

याचं उत्तर द्यायचं तर कॅमेऱ्यात काय होतं आणि चित्र बनवणाऱ्या यंत्रात काय होतं, हे दोन्ही एकदा शेजारी ठेवून बघायला हवं.

आधी कॅमेरा. त्या सकाळी सूर्यातून निघालेला प्रकाश साधारण आठ मिनिटांनी उजनीच्या पाण्यावर पोचला, त्या पक्ष्याच्या पिसांवर आपटला आणि त्यातला थोडासा लेन्समधून आत शिरून सेन्सरवर पडला. सेन्सर म्हणजे कोट्यवधी चिमुकल्या वाट्या मांडलेलं ताट समजा. प्रकाशाचे कण पडले की वाटीत इलेक्ट्रॉन जमतात. शटर बंद झालं की प्रत्येक वाटीत किती जमलं ते मोजून लिहून ठेवायचं. रॉ फाइल म्हणजे ही मोजदाद. फिल्मच्या काळात हेच काम चांदीचे क्षार करायचे. निगेटिव्ह असो वा रॉ, त्यावरची प्रत्येक खूण समोरच्या वस्तूवरून आलेल्या प्रकाशानं उमटवलेली असते. ओल्या मातीत पाय पडावा आणि ठसा उमटावा, तसं. ठसा पुसट असेल, अर्धवट असेल, पण तो त्याच पायाचा असतो.

जॉन हर्शेलनं १८३९ मध्ये या कलेला जे नाव रूढ केलं त्याचा अर्थच प्रकाशानं रेखाटणं. मराठीत आपण छायाचित्र म्हणतो. सावली पडायला वस्तू समोर असावी लागते, हे त्या शब्दातच आलं.

आता चित्र बनवणारं यंत्र. आपल्यापैकी ज्यांनी डार्करूममध्ये काम केलंय त्यांना एक क्षण विसरता येणार नाही. कोरा कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडायचा, लाल दिव्यात हलकेच हलवत राहायचं, आणि हळूहळू चेहरा वर यायला लागतो. एआयचं चित्र पडद्यावर तयार होताना पाहिलं तर अगदी तसंच वाटतं. आधी नुसते दाणे, मग धूसर आकार, मग डोळे, नाक, केस. पण ट्रेमधला कागद कोरा दिसत असला तरी कोरा नसतो. एन्लार्जरखाली असताना त्यावर प्रकाश पडून गेलेला असतो, चित्र त्यात दडलेलं असतं, डेव्हलपर ते फक्त दृश्य करतो. यंत्राच्या सुरुवातीच्या दाण्यांत मात्र काहीच दडलेलं नसतं. ते आकडे फासे टाकल्यासारखे यदृच्छेनं घेतलेले असतात.

मग चित्र येतं कुठून? लहानपणी आपण ढगात हत्ती शोधायचो. हत्ती आधी पाहिलेला असल्यामुळेच तो ढगात दिसायचा. यंत्राला शिकवताना मथळ्यांसकट अब्जावधी चित्रं दाखवतात. एखादं चित्र घ्यायचं, त्यावर थोडे दाणे पसरायचे, मग आणखी, शेवटी नुसते दाणेच उरेपर्यंत. आणि यंत्राला विचारायचं, यातले दाणे कुठले ते ओळख. चुकलं की आतले आकडे किंचित दुरुस्त करायचे. हे असंख्य वेळा केलं, की दाण्यांच्या गर्दीतून "फ्लेमिंगो" या शब्दाशी जुळेल असं काय असू शकेल याचा अंदाज त्याला बांधता येतो. मग आपण वाक्य लिहितो, यंत्र कोऱ्या दाण्यांपासून सुरुवात करतं आणि वीस-पंचवीस, कधी पन्नास पायऱ्यांत त्या वाक्याशी न जुळणारे दाणे काढत काढत चित्रापर्यंत येतं.

एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. सुरुवातीचे दाणे ठरवणारा एक आकडा असतो, त्याला सीड म्हणतात. तेच मॉडेल, तेच वाक्य, तोच सीड आणि त्याच सेटिंग दिल्या, की उद्या, परवा, पुढच्या वर्षीही जवळजवळ तेच चित्र पुन्हा मिळतं. त्या सकाळचा भिगवणचा फोटो पुन्हा काढता येणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याच होडीत, त्याच जागी बसलात तरी नाही. एका चित्राला जागा आणि वेळ आहे, दुसऱ्याला नाही.

आता आपल्या पंखाकडे परत येऊ. सॉफ्टवेअरनं जेव्हा तो पंख पूर्ण केला, तेव्हा त्याच्याकडे त्या पक्ष्याच्या पंखाचं टोक नव्हतं. ते फ्रेमबाहेर होतं, तिथला प्रकाश सेन्सरवर पडलाच नव्हता. सॉफ्टवेअरनं आधी पाहिलेल्या असंख्य पंखांवरून साधारण पंख कसा असतो याचा अंदाज केला आणि तो जोडला. समजा त्या पक्ष्याचं एक पीस गळालेलं असतं, दोन पिसांमध्ये फट असती, टोक झिजलेलं असतं. हे सगळं त्या पक्ष्याचं स्वतःचं, त्या मोसमातलं. जोडलेल्या पंखात ते येण्याचा मार्गच नव्हता. पंख तिथं होता, हे खरं. पण चित्रात जो आला तो तिथला नव्हता.

म्हणून मी माझ्यापुरती कसोटी अशी ठरवली आहे: चित्रातला तपशील तुमच्या लेन्समधून आत आलेल्या प्रकाशातून आला का? आला असेल तर ते छायाचित्र. नुसत्या वाक्यापासून बनवलेलं चित्र कितीही देखणं असलं तरी या कसोटीला उतरत नाही, आणि आपल्या क्लबनं ते छायाचित्र म्हणून मोजू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप जुन्या सदस्यांकडूनच येतो, की फोटोग्राफीत बनवाबनवी पहिल्यापासून आहे. अगदी खरं. १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडरनं तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून 'टू वेज ऑफ लाइफ' हे भलंमोठं चित्र केलं. एका वडीलधाऱ्या माणसाच्या दोन्ही बाजूंना दोन तरुण, एक सन्मार्गाला लागलेला, दुसरा मौजमजेकडे ओढला जाणारा, भोवती पंचवीस-तीस माणसं. असा प्रसंग कधी घडलाच नव्हता. तरी व्हिक्टोरिया राणीनं त्याची प्रत विकत घेतली आणि फोटोग्राफीच्या इतिहासात त्याला जागा मिळाली.

इथं दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि म्हणूनच आपली भांडणं मिटत नाहीत. चित्र खरं सांगतंय का, हा एक प्रश्न. चित्र छायाचित्र आहे का, हा दुसरा. रेलँडरचा प्रसंग काल्पनिक होता, पण त्यातला प्रत्येक माणूस त्याच्या कॅमेऱ्यासमोर जिवंत उभा राहिला होता, प्रत्येक तुकडा प्रकाशाचा ठसा होता. खोटं बोलणारं छायाचित्र असू शकतं. स्टुडिओतला रंगवलेला ताजमहाल मागे ठेवून आपल्या आजी-आजोबांनी काढलेले फोटो घ्या. आग्र्याला ते गेले नव्हते, पण त्या स्टुडिओत ते नक्की उभे होते. उलट, यंत्रानं बनवलेलं एखादं चित्र वास्तवाशी तंतोतंत जुळेलही. म्हणून ते छायाचित्र होत नाही.

दुसरा आक्षेप तंत्र जाणणाऱ्या तरुण मुलांचा, आणि तो मला जास्त आवडतो. ते म्हणतात, कॅमेरासुद्धा अंदाजच करतो. बरोबर आहे. सेन्सरच्या प्रत्येक वाटीवर एकाच रंगाची काच असते. निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. ब्राइस बेयरनं सत्तरच्या दशकात कोडॅकमध्ये असताना ही मांडणी शोधली. म्हणजे एका वाटीत एकच रंग मोजला जातो आणि उरलेले दोन शेजारच्या वाट्यांवरून काढले जातात. तुमच्या रंगीत फोटोतले दोन तृतीयांश आकडे प्रत्यक्ष मोजलेले नसतातच! मग पंखाच्या अंदाजानं काय बिघडलं?

बिघडलं ते उसनवारीत. कॅमेरा अंदाज करतो तो शेजारच्या वाटीवरून, त्याच क्षणी, त्याच पक्ष्यावरून आलेल्या प्रकाशावरून. घरातल्या घरात उसनं घेतल्यासारखं. फ्रेम वाढवणारं सॉफ्टवेअर उसनं आणतं ते कुणी दुसऱ्यानं, कुठं दुसरीकडे, कधी तरी काढलेल्या चित्रांमधून.

ही रेघ नेहमी इतकी ठळक नसते, हेही सांगायला हवं. मार्च २०२३ मध्ये एका माणसानं चंद्राचं छायाचित्र मुद्दाम १७० बाय १७० पिक्सेलइतकं लहान करून, धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावलं, दिवे बंद केले आणि लांबून एका नामांकित फोननं त्याचा फोटो काढला. फोननं त्यात स्वच्छ विवरं दाखवली, जी पडद्यावर नव्हतीच. फोनला चंद्र माहीत होता, त्यानं तो भरून दिला. म्हणजे आपण बटण दाबतो तेव्हाही खिशातल्या कॅमेऱ्यात थोडा पंख जोडला जात असू शकतो.

नॉइज काढणाऱ्या नव्या साधनांचंही तसंच. ती वापरायला माझी हरकत नाही, मी स्वतः वापरते. पण पक्ष्यांच्या फोटोत जोर वाढवला की ती पिसं विणायला लागतात. ओळखायचं कसं? संपादित फोटो आणि रॉ शंभर टक्के मोठे करून शेजारी ठेवा. रॉमध्ये जिथं दाण्यांखाली पुसट का होईना रेषा आहे, तिथं ती रेषा उजळली असेल तर ठीक. जिथं रॉमध्ये सपाट गुलाबी डाग आहे आणि संपादित फोटोत एकेक पीस मोजता येतंय, तिथं पिसं बाहेरून आली. सरकपट्टी मागे घ्या.

आपल्या भिगवणच्या फोटोतही खूण अशीच सापडली असती, रॉ मागवली नसती तरी. आयएसओ ३२०० ला सगळ्या पाण्यावर बारीक दाणे होते, आणि वाढवलेल्या पट्ट्यात ते एकदम गुळगुळीत झाले होते. पंखाच्या काळ्या पिसांच्या कडाही तिथं एकमेकांत विरघळल्या होत्या. स्पर्धेसाठी फोटो लहान केल्यामुळे हे नजरेतून सुटलं.

बाहेरच्या स्पर्धांना हा प्रश्न आपल्याआधीच भेटला. २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सच्या खुल्या स्पर्धेत सर्जनशील विभागाचं पारितोषिक बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताच्या 'द इलेक्ट्रिशियन' या कृष्णधवल चित्राला मिळालं. दोन स्त्रिया, १९४०च्या दशकातला वाटावा असा फोटो. चित्र यंत्राकडून करवून घेतलेलं होतं. एल्डाग्सेननं पारितोषिक नाकारलं आणि सांगितलं, की एआयची चित्रं आणि फोटोग्राफी या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची आपसांत स्पर्धा नको. तो स्वतः वर्षानुवर्षं फोटोग्राफी करत आलेला माणूस आहे आणि एआयची चित्रंही मनापासून करतो, म्हणून त्याच्या म्हणण्याला मी वजन देते.

पुढच्याच वर्षी उलटं घडलं. माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकारानं एका स्पर्धेच्या एआय विभागात खराखुरा फोटो पाठवला. योगायोग बघा, तोही फ्लेमिंगोच! अरुबा बेटावर काढलेला. पक्षी चोचीनं पोट खाजवत होता, त्यामुळे डोकं दिसतच नव्हतं, नुसता गुलाबी गोळा आणि दोन काड्यांसारखे पाय. परीक्षकांनी त्याला तिसरा क्रमांक दिला, लोकांच्या मतांतही तो निवडून आला. त्यानं सत्य सांगितल्यावर आयोजकांनी तो बाद केला, आणि माझ्या मते योग्य केलं. विभाग वेगळे असतील तर दार दोन्ही बाजूंनी बंद हवं.

तिकडेच कशाला, आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही हा फरक आहे. त्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. संगणकानं तयार केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती तयार करवून घेणारी व्यक्ती. दुसरं कलम १९९४च्या दुरुस्तीत आलं, आजच्या एआयच्या कितीतरी आधी. काढणं आणि करवून घेणं, हे दोन शब्द मला पुरेसे नेमके वाटतात. करवून घेण्यातही कष्ट, दृष्टी, निवड असते. ती चित्रं करणारे आपल्यात चारपाच जण आहेत आणि त्यांचं काम बघताना मी थांबून बघते. त्यांना वेगळी भिंत, वेगळं नाव आणि ती चित्रं समजणारे परीक्षक मिळावेत. कमी दर्जाचा कोपरा म्हणून नाही.

आता पडताळणीबद्दल, कारण नियम करून ते तपासता आले नाहीत तर त्यांचा त्रास फक्त प्रामाणिक माणसालाच होतो. फाइलसोबतची माहिती, म्हणजे कॅमेरा, तारीख, शटर, कुणालाही बदलता येते, त्यावर विसंबू नका. चित्र टाकलं की एआयचं आहे का ते सांगणारी संकेतस्थळं चांगल्या फोटोलाही एआय ठरवतात, आणि व्हॉट्सॲपवरून दाबून आलेल्या फाइलवर तर आणखी गोंधळतात. त्यांच्या निकालावर आपण कुणाचाही फोटो बाद करणार नाही. फोटो काढतानाच आत डिजिटल सही घालणारे कॅमेरे २०२३ पासून बाजारात आहेत, पण २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीला तिनंच दिलेली प्रमाणपत्रं रद्द करावी लागली, कारण कॅमेऱ्यातल्या मल्टिपल एक्स्पोजरच्या सोयीतून बाहेरच्या चित्रावरही सही उमटवता येते असं दिसून आलं. शिवाय आपल्यापैकी कितीजणांकडे असा कॅमेरा आहे?

रॉ फाइलसुद्धा एकटी पुरत नाही. एआयचं चित्र छापून किंवा पडद्यावर लावून त्याचा फोटो काढला तर त्याची रॉ अस्सलच असेल. म्हणून मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो मागचा-पुढचा फोटो. खऱ्या प्रसंगात कुणी एकच फोटो काढून थांबत नाही. भिगवणच्या त्या मालिकेत बावीस फ्रेम होत्या. पक्षी प्रत्येक फ्रेममध्ये थोडे पुढे सरकलेले, शिंतोडे वेगळे, एका फ्रेममध्ये फोकस चुकलेला, एका फ्रेममध्ये होडी हलल्यानं क्षितिज तिरकं. हा अडखळता प्रवास बनवून दाखवणं एक चित्र बनवण्याहून खूप जिकिरीचं आहे.

आणि त्या बावीस फ्रेम बघताना आम्हाला दिसलं, की पाचव्या फ्रेममध्ये तोच पंख पूर्ण आला होता. चोच थोडी वळलेली म्हणून त्या सदस्यांनी ती बाजूला ठेवली होती. त्या पंखात खरोखर एक पीस कमी आहे. मागच्या टेबलावर दोन्ही प्रिंट ठेवल्या आहेत, सॉफ्टवेअरनं पूर्ण केलेली आणि पाचवी फ्रेम. चहाला जाताना बघा.

तर कार्यकारिणीपुढे मी ठेवते आहे ते असं. निसर्ग आणि वृत्त विभागात क्रॉप, उजेड-रंगाची दुरुस्ती, सेन्सरवरची धूळ आणि नॉइज काढणं चालेल. काहीही जोडणं, हटवणं, फ्रेम वाढवणं चालणार नाही. खुल्या विभागात अनेक फोटो जोडता येतील, पण सगळे स्वतः काढलेले हवेत, आणि प्रवेशिकेवर ते लिहायला हवं. एआयची चित्रं स्वतंत्र प्रदर्शनात. फोननं काढलेल्या फोटोंचं काय, यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. यंदा त्यांना खुल्या विभागात घेऊ आणि वर्षभर बघू.

परीक्षकांनी मागितल्यास रॉ आणि तिच्या आधीच्या-नंतरच्या किमान दोन-दोन फ्रेम द्याव्या लागतील. त्यामुळे आजपासून कॅमेरा रॉ अधिक जेपीईजीवर ठेवा आणि कार्ड रिकामं करताना नकोशा वाटणाऱ्या फ्रेम लगेच उडवू नका. ज्यांच्या फोनमध्ये रॉची सोय आहे पण ती कुठं दडलीय ते सापडत नाही, त्यांनी चहानंतर थांबा, आपण एकेक फोन बघू.